‘ताओ ते चिंग’चे आरंभवाक्य : अनुवादाच्या अडचणींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लाओ त्सेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचे प्रचलित पाठातील पहिले वाक्य अवघ्या सहा अक्षरांचे आहे. त्यांपैकी पहिले, तिसरे आणि सहावे अक्षर एकच, म्हणजे ‘ताओ’ हे आहे. ‘परमतत्त्व शब्दातीत आहे’ असा या वाक्याचा आशय सामान्यतः सांगितला जातो आणि त्याच्या अनुवादाची अडचणही त्या गूढतेतूनच उद्भवते, असे मानले जाते. परंतु अडचणीचे मूळ बव्हंशी अधिक साधे आहे. ते चिनी वाक्यरचनेत, पाठाच्या इतिहासात आणि अनुवादकाला कराव्या लागणाऱ्या शब्दनिवडीत आहे. प्रस्तुत लेखात या तीन बाजूंचा विचार केला आहे.

एक शब्द, दोन कार्ये

अभिजात चिनी भाषेत शब्दाला विभक्ती, वचन वा काळ यांचे प्रत्यय लागत नाहीत. शब्द नाम आहे की क्रियापद, हे प्रामुख्याने वाक्यातील स्थानावरून ठरते. वाक्यातील दुसरे अक्षर ‘के’ हे शक्यता दर्शवते आणि त्यानंतरचे क्रियापद कर्मणी अर्थाने घेतले जाते. त्यामुळे तिसऱ्या स्थानावरील ‘ताओ’ हे क्रियापद ठरते. ‘ताओ’चा मूळ अर्थ वाट असा आहे, मात्र क्रियापद म्हणून त्याचा ‘सांगणे’ असाही अर्थ होतो. हा प्रयोग लाओ त्सेच्या ग्रंथापुरता मर्यादित नाही. ‘शि चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातील एका रचनेत अंतःपुरातील गोष्टी उघड करण्याविषयी बोलताना ‘के ताओ’ ही जोडी ‘सांगण्याजोगे’ याच अर्थाने आली आहे. तिथे गूढवादाचा संबंध नाही.

याच शब्दाला ‘वाट दाखवणे’, ‘वाटेने नेणे’ अशाही छटा आहेत. जेम्स लेग याने १८९१ साली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत केलेल्या इंग्रजी अनुवादात मधल्या ‘ताओ’चा अर्थ पायी चालणे असा घेतला, डी. सी. लाऊ याने १९६३ साली बोलणे असा घेतला. लेगच्या वाक्यात वाटेची प्रतिमा टिकते, परंतु भाषेच्या मर्यादेचा मुद्दा नाहीसा होतो. लाऊच्या वाक्यात तो मुद्दा टिकतो, परंतु एकाच शब्दाची पुनरावृत्ती मोडते.

पाचवे अक्षर आणि उत्खननातील पुरावा

प्रचलित पाठातील पाचवे अक्षर ‘छांग’ आहे. त्याचा अर्थ ‘नित्य’ असा होतो, तसाच ‘नेहमीचा, सामान्य’ असाही होतो. त्यामुळे ‘हा सामान्य मार्ग नव्हे’ असे वाचनही शक्य होते. १९७३ साली हुनान प्रांतातील मावांगदुई येथे इ.स.पू. १६८ मधील थडग्यात या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. त्यांत ‘छांग’च्या जागी ‘हंग’ हा शब्द आहे. इ.स.पू. १८० मध्ये गादीवर आलेल्या हान सम्राट वेनचे नाव लिऊ हंग असे होते. सम्राटाच्या नावातील अक्षर लिहिणे निषिद्ध असल्यामुळे पुढील काळात ‘हंग’च्या जागी समानार्थी ‘छांग’ आले. ‘हंग’मध्ये टिकाऊपणाचा अर्थ ठळक असल्याने ‘सामान्य’ हे वाचन मागे पडते.

या दोन प्रतींपैकी पहिलीत हे वाक्य पूर्ण वाचता येते. तिच्यात मधल्या ‘ताओ’नंतर व वाक्याच्या शेवटी ‘ये’ हे अव्यय आहे. त्यामुळे पहिली तीन अक्षरे स्वतंत्र विधान म्हणून वाचण्यास वाव मिळतो : ताओ सांगता येतो, परंतु तो नित्य ताओ नव्हे. शिवाय या दोन्ही प्रतींत ‘ते’ हा विभाग ‘ताओ’ विभागाच्या आधी येतो. म्हणजेच ज्या वाक्याला आज ग्रंथाचे प्रवेशद्वार मानले जाते, ते तेथे उत्तरार्धाच्या आरंभी आहे.

मार्ग की बोधी?

शब्दनिवडीच्या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण भारताशी संबंधित आहे. कामरूपच्या राजासाठी हा ग्रंथ संस्कृतात आणावा, अशी आज्ञा इ.स. ६४७ मध्ये तांग सम्राट ताइ-त्सुंगने भारतातून परतलेल्या ह्युएनत्संगला दिली. या कामासाठी ताओपंथी विद्वानांनाही पाचारण करण्यात आले आणि पहिल्याच शब्दावर वाद उद्भवला. ‘ताओ’साठी ह्युएनत्संगने ‘मार्ग’ हा शब्द सुचवला. ताओपंथीयांनी ‘बोधी’चा आग्रह धरला, कारण चीनमधील पूर्वीच्या बौद्ध अनुवादांत ‘बोधी’साठी ‘ताओ’ हाच शब्द रूढ झाला होता. ह्युएनत्संगचे उत्तर भाषाशास्त्रीय होते : बोधी म्हणजे जागृती, मार्ग म्हणजे वाट, रूढीमुळे शब्दार्थ बदलत नाही.

या वादात केवळ कोशार्थ पणाला लागलेला नव्हता. ‘बोधी’ मान्य झाली असती तर लाओ त्सेची शिकवण भारतीय वाचकासमोर बुद्धाच्या ज्ञानाच्या तोलाची म्हणून गेली असती. ‘मार्ग’ या शब्दाने ती अनेक मार्गांपैकी एक ठरत होती. ही हकीकत ताओश्वान या बौद्ध भिक्षूने नोंदवलेली असल्याने ताओपंथीयांची बाजू प्रतिपक्षाच्या लेखणीतून आली आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

हा संस्कृत अनुवाद आज उपलब्ध नाही. तरीही दोन्ही पर्यायांचे परिणाम तपासता येतात. संस्कृतात ‘मार्ग्’ या धातूचा अर्थ शोधणे असा आहे. त्यावरून क्रियापद साधले तर ‘शोधता येणारा मार्ग’ असे वाक्य होते. ‘बुध्’ धातूवरून ‘जाणता येणारी बोधी’ असे होते. दोन्हींत ध्वनीची पुनरावृत्ती साधते, परंतु ‘सांगणे’ हा अर्थ कोठेच येत नाही.

मराठी अनुवादापुढील प्रश्न

मराठीत निश्चित वा अनिश्चित उपपद नसल्यामुळे ‘एक मार्ग’ की ‘तो एकमेव मार्ग’, हा इंग्रजी अनुवादकाला पडणारा प्रश्न टाळता येतो. वाक्यातील चौथे अक्षर ‘फेइ’ हे अस्तित्व नाकारत नाही, तर ओळख नाकारते. मराठीतील ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांत हाच भेद असल्याने ‘नव्हे’ हा त्याला नेमका पर्याय आहे. मात्र ‘जो मार्ग सांगता येतो, तो’ अशी सहज सुचणारी जो-तो रचना सांगता येणारा व न येणारा असे दोन मार्ग आधीच गृहीत धरते. मावांगदुईच्या पाठात ही विभागणी अपरिहार्य नाही. ‘मार्ग सांगता येतो, पण तो नित्य मार्ग नव्हे’ अशी रचना त्या पाठाला अधिक जवळची ठरेल. तीतही ‘मार्ग’ आणि ‘सांगणे’ हे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात, ही उणीव उरतेच.

समारोप

या सहा अक्षरांचा अनुवाद करताना क्रियापदाचा अर्थ, पाठाची निवड आणि ‘ताओ’चा प्रतिशब्द असे तीन निर्णय घ्यावे लागतात. मूळ वाक्य या तिन्ही बाबतींत मौन बाळगू शकते. अनुवादकाला ती मोकळीक नसते. म्हणून अनुवादांतील मतभेद हे अनुवादकाच्या अपुऱ्या समजेचे लक्षण मानण्याऐवजी, त्याने कोणता पाठ स्वीकारला व कोणता अर्थ सोडून दिला याची नोंद म्हणून वाचणे अधिक युक्त होय.