गृहकर्ज हप्त्याची विभागणी (व्याज व मुद्दल)

गृहकर्जाचा दरमहा समान हप्ता, म्हणजे बोलीतला ईएमआय, कर्जदाराच्या दृष्टीने एकच रक्कम असते. प्राप्तिकर कायदा मात्र तिचे दोन भाग मानतो. व्याजाची वजावट १९६१च्या कायद्यात कलम २४(ब)खाली मिळते आणि मुद्दलाच्या परतफेडीची कलम ८०सीखाली. दोन्ही कलमांच्या मर्यादा आणि अटी वेगळ्या आहेत. त्यामुळे वर्षभरात भरलेल्या हप्त्यांची बेरीज वजावटीसाठी निरुपयोगी ठरते; व्याज किती आणि मुद्दल किती हे वेगळे काढावे लागते. ज्या तक्त्यातून ते निघते त्याला परतफेडीचा तक्ता किंवा अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात.

तक्त्याचे गणित सोपे आहे. मागील महिन्याअखेरच्या मुद्दलाच्या बाकीवर एका महिन्याचे व्याज काढायचे, ते हप्त्यातून वजा करायचे आणि उरलेली रक्कम मुद्दलात जिरवायची. बाकी घटते, म्हणून पुढच्या महिन्याचे व्याज थोडे कमी होते आणि मुद्दलाचा वाटा तेवढाच वाढतो. समजा, सप्टेंबर २०२४ मध्ये ₹३०,००,००० चे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आणि पहिला हप्ता ५ ऑक्टोबरला कापला गेला. हप्ता ₹२६,०३५ येतो. दर बदलला नाही असे धरले, तर सुरुवात अशी दिसते :

| हप्ता | व्याज (₹) | मुद्दल (₹) | उरलेली बाकी (₹) |
|---|---|---|---|
| १ | २१,२५० | ४,७८५ | २९,९५,२१५ |
| २ | २१,२१६ | ४,८१९ | २९,९०,३९६ |
| ३ | २१,१८२ | ४,८५३ | २९,८५,५४३ |
| ६ | २१,०७८ | ४,९५७ | २९,७०,७७७ |

पहिल्या हप्त्यातला जेमतेम १८ टक्के भाग मुद्दलाकडे जातो. या कर्जात मुद्दल व्याजाला मागे टाकते ते थेट १४३व्या हप्त्यात, म्हणजे बाराव्या वर्षाच्या अखेरीस. ‘इतकी वर्षे भरतोय, पण कर्ज काही हलत नाही’ ही कर्जदारांची नेहमीची तक्रार इथूनच येते.

चूक सहसा ‘वर्ष’ या शब्दापाशी होते. तक्ता कर्जाचे वर्ष मोजतो. कर एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षावर बसतो. वरच्या उदाहरणात २०२४-२५ मध्ये सहाच हप्ते पडतात : व्याज ₹१,२६,९८७, मुद्दल ₹२९,२२३. पुढच्या २०२५-२६ साठी तक्त्यातले ‘दुसरे वर्ष’ घ्यायचे नाही. सातवा ते अठरावा हप्ता घ्यायचा. त्यात व्याज ₹२,५०,१२६ आणि मुद्दल ₹६२,२९४ निघते. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत मिळते :

```
=CUMIPMT(8.5%/12, 240, 3000000, 7, 18, 0)
```

उत्तर उणे चिन्हासह येते. हप्ता पूर्ण रुपयात केल्याने एखाद्या रुपयाचा फरक पडतो. त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. शेवटच्या आधीचे दोन आकडे, ७ आणि १८, तेवढे नीट मोजावेत.

जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी व्याजाची वजावट वर्षाला ₹२,००,००० पर्यंतच मिळते, म्हणून २०२५-२६ मधले ₹५०,१२६ व्याज वाया जाते. ते पुढच्या वर्षी ओढता येत नाही. कर्ज जसेच्या तसे चालले, तर वर्षाचे व्याज दोन लाखांच्या आत यायला साधारण आठ वर्षे जातात. मुद्दलाच्या बाजूला ८०सीची ₹१,५०,००० ची मर्यादा आहे, पण ती भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते आणि इतर गुंतवणुकींबरोबर वाटून घ्यावी लागते. नोकरदाराचा निधीच बराचसा भाग खाऊन टाकतो. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी यातली कोणतीच वजावट नाही. तिथे ही विभागणी करण्याची गरजच उरत नाही.

घर पती-पत्नी दोघांच्या नावे असेल आणि कर्जातही दोघे असतील, तर प्रत्येकाला आपल्या वाट्यापुरती स्वतंत्र मर्यादा मिळते. नुसते सहकर्जदार असून भागत नाही. घराच्या मालकीतही नाव लागते. निम्मा-निम्मा वाटा असेल तर प्रत्येकाचे व्याज ₹१,२५,०६३ होते आणि दोन लाखांची अडचण नाहीशी होते.

मुदतपूर्व भरणा केला की तक्ता त्या तारखेपासून नव्याने मांडावा लागतो. समजा, ५ जानेवारी २०२६ ला सोळाव्या हप्त्याबरोबर ₹१,००,००० जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला. पूर्ण लाख मुद्दलात जातो. शिवाय फेब्रुवारी-मार्चच्या व्याजात ₹१,४२२ ची घट होते आणि तेवढेच मुद्दल वाढते. वर्षाचा हिशेब व्याज ₹२,४८,७०४, मुद्दल ₹१,६३,७१६ असा होतो. हे मुद्दल एकट्याच्या नावावर ८०सीची मर्यादा ओलांडते. दोघांत वाटले तर ₹८१,८५८ येते.

बुडालेल्या हप्त्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. व्याजाची वजावट देय झालेल्या रकमेवर असते, तर मुद्दलाची प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर. मार्चचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला आणि एप्रिलमध्ये भरला, तर त्याचे व्याज जुन्या वर्षातच राहते, मुद्दल मात्र नव्या वर्षात जाते. वर्षाचा आकडा नुसता तक्त्यातून उचलणाऱ्याला हे दिसत नाही.

कर्ज मंजूर होताना मिळालेला तक्ता फार काळ खरा राहत नाही हेही खरे. बँकांची बहुतेक नवी गृहकर्जे तरत्या दराची आणि रेपो दराशी जोडलेली असतात, आणि २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आला. दर घटूनही हप्ता तोच राहिला, की जुना तक्ता व्याज जास्त आणि मुद्दल कमी दाखवतो. म्हणून दाव्यासाठी बँकेचा व्याज दाखला घ्यावा लागतो, तोही नीट पाहून. डिसेंबर-जानेवारीत कार्यालयात देण्यासाठी मिळणारा दाखला अंदाजी असतो. त्यात मार्चपर्यंतचे उरलेले हप्ते वेळेवर भरले जातील असे धरलेले असते. विवरणपत्र भरताना ३१ मार्चनंतरचा अंतिम दाखला वापरावा.

दाखला बरोबर आहे का हे दोन आकड्यांवरून कळते. १ एप्रिलच्या बाकीतून पुढच्या ३१ मार्चची बाकी वजा केली, की वर्षात फिटलेले मुद्दल निघते. उदाहरणात, जादा भरणा नसताना, ₹२९,७०,७७७ मधून ₹२९,०८,४८३ गेले, उरले ₹६२,२९४. भरलेल्या एकूण ₹३,१२,४२० मधून हे वजा केले की व्याज मिळते. वर्षात कर्जाचा नवा टप्पा उचलला असेल, तर तो सुरुवातीच्या बाकीत मिळवावा लागतो. आकडे जुळले नाहीत तर बहुधा एखादे शुल्क किंवा दंड हप्त्यात मिसळलेला असतो. ती रक्कम व्याजात धरू नये.

ताबा मिळण्यापूर्वीच्या काळातले व्याज वेगळ्या रकान्यात साठवून ठेवावे लागते. घर पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचे व्याज त्या वर्षापासून पाच समान भागांत मिळते, आणि राहत्या घरासाठी तेही दोन लाखांच्या आतच. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पुरे झाले नाही, तर मर्यादा ₹३०,००० वर घसरते. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर आधी घेतलेली मुद्दलाची वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत मिळवली जाते. व्याजाच्या वजावटीला हा नियम लागू नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले : २४च्या जागी २२, ८०सीच्या जागी १२३. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासूनची विवरणपत्रे कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि वर्षाअखेरची बाकी हेही विचारतात.