एकोणचाळीस फटके

हनफी न्यायशास्त्रात चोराचा हात तोडण्यास माल किमान 10 दिरहमांचा असावा लागे. म्हणून नऊ दिरहम चोरणारा सुटे असे नव्हे; तो ‘ताझीर’च्या, म्हणजे काझीच्या विवेकाधीन शिक्षेच्या, कक्षेत येई. येथे काझी अपराधाबरोबर अपराध्याचा दर्जाही पाही. थोरामोठ्यास निरोप धाडून समज देणे पुरे होई. मध्यमास बोलावून कैदेत टाकीत. हलक्या गणलेल्यास वर फटकेही बसत.

या विवेकालाही कुंपण होते. नियत शिक्षांतील सर्वांत लहान शिक्षा गुलामास 40 फटक्यांची. म्हणून अबू हनीफांनी ताझीर 39 फटक्यांवर थांबविली. अबू यूसुफांनी स्वतंत्र माणसाचे 80 फटके प्रमाण मानून 75 ही सीमा घातली. फटक्यांची संख्या बांधली गेली, दर्जा पाहणारी दृष्टी मात्र मोकळी राहिली, हेच आम्हांस बोचते.