वर्षश्राद्धाच्या कवितेचे कूळ

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या नातेवाइकांपुढे बायकोने स्वतः रचलेली कविता वाचणे हा प्रकार मराठी घरांत आता नवखा राहिलेला नाही. त्याचे कूळ शोधू लागले की आधी विलाप आठवतो. वाल्मीकीच्या तारेने वालीच्या देहाशी आणि मंदोदरीने रावणाच्या देहाशी केलेला शोक, कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गात मदनाची राख पाहून रतीने वियोगिनी वृत्तात मांडलेला आकांत आणि गावाकडे मयताच्या घरी हेल काढून, गेलेल्याचे गुण आठवत रडणाऱ्या बायका, अशी ती परंपरा सलग दिसते. तरी या कवितेचा उगम विलापात आहे असे मला वाटत नाही. विलाप मरणाच्या घटकेचा असतो, त्याला लिहून काढण्याइतकी उसंत नसते आणि भोवतीच्या बायका त्यात सूर मिसळत असतात. वर्षाने वाचलेल्या कवितेच्या मागे बारा महिन्यांचा हिशेब असतो आणि पुढ्यात गप्प बसून ऐकणारी माणसे असतात. विलापाकडून तिने एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे गेलेल्याशी थेट बोलणे.

माझ्या मते खरी जागा मोकळी झाली ती विधीतल्या एका बदलामुळे. जुन्या गृह्यसूत्रांत सपिंडीकरण वर्ष पुरे झाल्यावर सांगितले आहे. प्रेताच्या नावाचा पिंड तीन पूर्वजांच्या पिंडांत मिसळायचा, म्हणजे तो जीव प्रेतपण सोडून पितरांत जातो. सोयीसाठी ते बाराव्या दिवशी उरकण्याची मुभा मिळाली आणि आज बहुतेक ठिकाणी तसेच होते. त्यामुळे वर्षअखेरचा सर्वांत मोठा विधी आधीच आटोपलेला असतो. घराचे दुःखाचे वर्ष मात्र तिथीपर्यंत चालूच राहते. सण साजरे होत नाहीत, गोडधोड टाळले जाते. त्या तिथीला श्राद्ध होते, पण गुरुजी सांगतात आणि मुलगा म्हणतो, एवढ्यातच ते संपते. मुलगा नसेल तर पत्नीला श्राद्धाचा अधिकार शास्त्राने दिला आहे. मुलगा असताना तिच्या तोंडी एक शब्दही येत नाही. जिचे वर्ष सर्वांत बदलले, तिच्या वाट्याला बोलणेच नाही, ही उणीव कवितेने भरून काढली.

बोलण्याची सवय या दिवसाला दुसरीकडून लागली. प्रथम पुण्यस्मरणाच्या निमित्ताने गावोगाव कीर्तन किंवा प्रवचन ठेवतात, त्यानंतर दोन-चार माणसे आठवणी सांगतात. वर्तमानपत्रात फोटोखाली चार यमकी ओळी छापून येतात आणि त्याखाली ‘शोकाकुल, समस्त परिवार’ असते. त्या ओळी साऱ्या घराच्या नावाने असतात, म्हणून कोणाच्याच नसतात. आधारवड, मायेची सावली, देवमाणूस हे शब्द कोणत्याही फोटोखाली बसतात. बायकोच्या कवितेतही ते येतात, आणि कविता फसते ती बहुधा तिथेच. जमते तेव्हा ती दिनदर्शिकेच्या आधाराने पुढे सरकते: हळदीकुंकवाला न गेलेली संक्रांत, दिवाळीच्या पाडव्याला कोणाला ओवाळायचे हा प्रश्न, त्यांच्या औषधांचा अजून न आवरलेला डबा. सण बंद असलेल्या वर्षातच सणांची आठवण सर्वांत टोचते, म्हणून ही रचना कोणी न शिकवताही पुन्हापुन्हा उमटते.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्य शोकसभेचे अनुकरण आहे. सभेत बोलण्याची रीत काही अंशी तिकडून आली, हे मान्य. पण तिथी पाहून, श्राद्धाचे पान वाढले जाते त्याच घरात, ‘अहो’ अशी हाक मारून वाचलेली कविता त्या सभेत कुठे बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विधवेला लिहिण्याची मुभा पूर्वीपासून होती, मग ही रीत इतक्या उशिरा का आली? न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले, रमाबाईंनी त्यांच्या आठवणी 1910 मध्ये छापल्या. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेल्यावर लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. म्हणजे पतीनंतर लिहिणे तेव्हाही घडत होते. पण ते अशा घरांत, जिथे नवरे स्वतःच बायकोला शिकवणारे होते, आणि ते पुस्तकातून, वाचकांसाठी. नातेवाइकांच्या बैठकीत उभे राहण्यासाठी लेखणी पुरत नाही. सासरच्या थोरांसमोर तोंड उघडण्याची मोकळीक लागते. ती किती नवी आहे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडवरून कळते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने 2022 मध्ये केला. जिच्या कपाळाचा निर्णय इतकी वर्षे इतरांनी घेतला, तिला वर्षश्राद्धाला बोलायला जागा मिळायला उशीर होणारच. म्हणूनच कविता दीर किंवा मुलाने वाचून दाखवली की बैठक ऐकते खरी, पण ते पुन्हा घराच्या नावाने बोलणे होते. आवाज फुटत नसेल तर दोन ओळी वाचून थांबावे, उरलेल्या लेकीने वाचाव्यात. सुरुवात मात्र तिचीच असावी.