प्रीपेड मोबाइल रिचार्ज योजना

प्रीपेड मोबाइल रिचार्ज योजना म्हणजे आगाऊ रक्कम भरून ठरावीक दिवसांसाठी कॉल, संदेश व इंटरनेट डेटा मिळवण्याची सोय होय. भारतात सेवादात्याच्या ॲपवर प्रत्येक योजना बहुधा एका चौकटीत दाखवली जाते. तीत किंमत, वैधता व दररोजचा डेटा ठळक अक्षरांत असतो. डेटा संपल्यानंतरचा वेग मात्र सहसा ‘तपशील’ उघडल्यावरच दिसतो.

## वैधता

वैधता म्हणजे योजना चालू राहण्याचा काळ. भारतात २८ दिवसांच्या योजना रूढ आहेत. २८ दिवसांचा ‘महिना’ धरल्यास वर्षात १२ नव्हे, तर १३ रिचार्ज करावे लागतात. याविषयीच्या तक्रारींनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०२२ मध्ये प्रत्येक सेवादात्याला ३० दिवसांच्या, तसेच दर महिन्याच्या एकाच तारखेला नूतनीकरण होणाऱ्या योजनाही ठेवण्यास सांगितले. २८ दिवसांच्या योजना त्यामुळे बंद झाल्या नाहीत. म्हणून वेगवेगळ्या वैधतेच्या योजनांची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागून एका दिवसाचा खर्च काढणे योग्य ठरते.

## दैनंदिन मर्यादा

चौकटीत ‘२ जीबी प्रतिदिन’ असे लिहिलेले असल्यास तेवढा डेटा त्या दिवसापुरताच असतो. बहुतेक योजनांत मध्यरात्री नवा कोटा सुरू होतो आणि आदल्या दिवशीचा उरलेला डेटा बाद होतो. अशा योजनेचे रिचार्ज रात्री दहाला केले, तर पहिल्या दिवसाचा कोटा वापरण्यास दोनच तास मिळतात. याउलट एकूण कोट्याच्या योजनेत सगळा डेटा एकदम मिळतो व वैधतेत तो केव्हाही वापरता येतो.

## मर्यादेनंतरचा वेग

दैनंदिन कोटा संपल्यावर इंटरनेट बंद न होता त्याचा वेग उतरवला जातो. अनेक योजनांत तो ६४ केबीपीएस असतो. ‘अमर्याद’ हा शब्द डेटाला लावलेला असेल, तर त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. हा आकडा किलोबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार किलोबाइटमध्ये मोजतात. ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने प्रत्यक्षात सेकंदाला फार तर ८ किलोबाइट मिळतात. त्यामुळे २ एमबीचे छायाचित्र उतरवण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मजकुराचे संदेश जातात, पण व्हिडिओ चालत नाही.

संथपणाचे कारण उतरवलेला वेग की कमकुवत सिग्नल, हे ॲपमधील शिल्लक डेटा पाहून कळते. शिल्लक शून्य असेल आणि मध्यरात्रीनंतर वेग आपोआप पूर्ववत झाला, तर दोष नेटवर्कचा नव्हता.

## तुलना

जाहिरातींत पुढे केला जाणारा ‘प्रति जीबी दर’ दिशाभूल करू शकतो, कारण त्यात बाद होणारा डेटाही मोजलेला असतो. पुढील उदाहरणातील किमती केवळ गणितासाठी घेतल्या आहेत.

एक विद्यार्थी सोमवार ते शनिवार रोज ०.६ जीबी वापरतो आणि रविवारी व्याख्यानांच्या चित्रफिती पाहण्यासाठी त्याला ३ जीबी लागतात. आठवड्याची गरज ६.६ जीबी, म्हणजे २८ दिवसांची २६.४ जीबी होते. त्याच्यासमोर २८ दिवसांच्याच तीन योजना आहेत.

| योजना | किंमत | डेटा | छापील दर (प्रति जीबी) | वापरता येणारा डेटा | खरा दर (प्रति जीबी) |
|---|---|---|---|---|---|
| अ | ₹२५० | रोज १ जीबी | ₹८.९ | १८.४ जीबी | ₹१३.६ |
| ब | ₹३५० | रोज २ जीबी | ₹६.३ | २२.४ जीबी | ₹१५.६ |
| क | ₹३०० | एकूण ३० जीबी | ₹१० | २६.४ जीबी | ₹११.४ |

रोजची सरासरी गरज ०.९४ जीबी असल्याने ‘अ’ पुरेशी भासते. मात्र दर रविवारी तिच्यात २ जीबी कमी पडतात. छापील दराने सर्वांत स्वस्त असलेली ‘ब’ प्रत्यक्षात सर्वांत महाग पडते, आणि तीही रविवारी १ जीबीने अपुरी ठरते. छापील दराने महाग दिसणारी ‘क’ मात्र संपूर्ण गरज भागवते. हाच विद्यार्थी रोज सारखाच १.८ जीबी वापरत असता, तर ‘ब’ निवडणे योग्य ठरले असते. त्यामुळे निवडीपूर्वी फोनच्या सेटिंगमधील डेटा वापराच्या नोंदीत एका आठवड्याचा वापर दिवसागणिक पाहणे उपयुक्त असते; महिन्याच्या बेरजेतून हा चढउतार दिसत नाही.

काही सेवादाते ठरावीक योजनांवर ५जी वापर दैनंदिन कोट्यात धरत नाहीत. वरील गणित अशा वेळी बदलते, परंतु फोन ५जी असेल आणि राहत्या जागी ५जी सिग्नल टिकत असेल तरच. सिग्नल ४जीवर घसरताच वापर पुन्हा कोट्यातून वजा होऊ लागतो.

निरनिराळ्या सेवादात्यांचे दर एकत्र पाहण्यासाठी ट्रायचे tariff.trai.gov.in हे संकेतस्थळ आहे.