भाडं कमी झालं, मुदतही वाढली, तरी खर्च जवळपास तेवढाच का? लीजमधल्या बदलाचा हिशोब असा होतो

पुण्यातल्या एका कंपनीने दुकानासाठी जागा भाड्याने घेतली आहे असं समजा. करार आठ वर्षांचा आणि वर्षाचं भाडं १२ लाख रुपये. पाच वर्षं झाल्यावर कंपनी मालकाकडे गेली आणि म्हणाली, "भाडं कमी करा, आम्ही आणखी चार वर्षं राहतो." मालक तयार झाला. भाडं १० लाखांवर आलं आणि उरलेली तीन वर्षं सात झाली.

खिशातून दरवर्षी २ लाख रुपये कमी जाणार, म्हणजे नफा २ लाखांनी वाढणार असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी नफा-तोटा पत्रकातला खर्च जेमतेम १० हजारांनी कमी होतो. यात कोणाची चूक नाही. 'इंड एएस ११६' हे लेखामानक असाच हिशोब करायला सांगतं.

आधी मूळ हिशोब समजून घेऊ

भारतात हे मानक १ एप्रिल २०१९ पासून लागू झालं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि २५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना ते पाळावं लागतं. लघुउद्योगांच्या एसएमई बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना केवळ त्या नोंदणीमुळे ते लागू होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा याच्याशी संबंध नाही.

पूर्वी साध्या भाडेकराराचं भाडं थेट खर्चात जायचं. आता भाडेकरू कंपनीला ताळेबंदात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक म्हणजे लीजचं देणं, म्हणजे पुढे द्यायच्या सगळ्या भाड्याचं आजचं मूल्य. दुसरी म्हणजे वापरहक्काची मालमत्ता, म्हणजे ती जागा ठरलेल्या मुदतीत वापरण्याचा हक्क. देण्यावर दरवर्षी व्याज लागतं आणि मालमत्तेवर घसारा. 'भाडं' नावाचा खर्च उरत नाही, त्याची जागा या दोन खर्चांनी घेतलेली असते.

करारावर 'लीज' लिहिलंय की 'लिव्ह अँड लायसन्स', याने फरक पडत नाही. ठरावीक जागेच्या वापरावर ठरावीक काळ ताबा मिळतोय का, एवढंच पाहिलं जातं. खरेदीचा पर्याय नसलेल्या बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या लीजला मात्र या पद्धतीतून सूट घेता येते.

आपल्या उदाहरणात करार १ एप्रिल २०२० रोजी सुरू झाला. भाडं वर्षाअखेरीस देतात आणि त्या वेळी कंपनीला कर्ज १० टक्क्यांनी मिळत होतं असं धरू. आठ वर्षांच्या भाड्याचं त्या दिवशीचं मूल्य ६४,०१,९११ रुपये येतं. तेवढंच देणं आणि तेवढीच मालमत्ता नोंदली गेली.

पाच वर्षांनी, १ एप्रिल २०२५ रोजी, उरलेल्या तीन भाड्यांचं देणं २९,८४,२२२ रुपये आहे. मालमत्ता घसारा वजा होऊन २४,००,७१७ रुपयांवर आली आहे. घसारा दरवर्षी सारखा असतो, देणं मात्र सुरुवातीला हळू फिटतं. म्हणून हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळायलाही नकोत.

पहिला प्रश्न: हा खरंच 'बदल' आहे का?

मूळ करारात जे नव्हतं ते दोन्ही बाजूंनी नव्याने ठरवलं, तरच त्याला लीज मॉडिफिकेशन म्हणतात. "पाच वर्षांनंतर भाडं १० लाख होईल" असं पहिल्याच करारात लिहिलं असेल, तर तो बदल नाही. मुदत वाढवण्याचा पर्याय मूळ करारातच होता आणि कंपनीने तो वापरायचं ठरवलं, तर तेही मॉडिफिकेशन नाही. त्याला मुदतीचं पुनर्मूल्यांकन म्हणतात आणि ते वेगळ्या कलमाखाली येतं.

दुसरी चाचणी अशी: बदलामुळे जास्तीची जागा मिळाली आणि तिच्यासाठी बाजारभावाला साजेसं जास्तीचं भाडंही ठरलं, तर ती स्वतंत्र नवी लीज धरतात आणि जुनीला हात लावत नाहीत. आपल्या दुकानाला नवी जागा मिळालेली नाही, तीच जागा जास्त काळ मिळाली आहे. त्यामुळे जुन्याच लीजचा हिशोब नव्याने मांडावा लागेल.

तारीख कोणती धरायची?

दोन्ही बाजूंनी बदल मान्य केला ती तारीख. नवं भाडं कधीपासून लागू होणार, ती नव्हे. जानेवारीत पूरक करार झाला आणि कमी भाडं एप्रिलपासून द्यायचं असेल, तर देणं जानेवारीतच नव्याने मोजायचं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने ही चूक झाली की बदल चक्क पुढच्या वर्षाच्या हिशोबात जातो. आपल्या उदाहरणात सही १ एप्रिल २०२५ रोजीच झाली असं धरू.

आता नवं देणं मोजू

नवी भाडी, नवी मुदत आणि नवा व्याजदर घ्यायचा. लीजमध्ये अंतर्भूत असलेला दर सहज कळत नसेल, तर बदलाच्या दिवशी उरलेल्या मुदतीसाठी आणि तशाच तारणावर कंपनीला कर्ज कितीने मिळालं असतं, तो दर वापरतात. इथे तो ९ टक्के धरू.

सात वर्षं दरवर्षी १० लाख, ९ टक्क्यांनी, म्हणजे आजचं मूल्य ५०,३२,९५३ रुपये. जुनं देणं २९,८४,२२२ होतं. फरक २०,४८,७३१ रुपयांचा, आणि तो वाढीचा आहे. भाडं कमी होऊनही देणं वाढलं, कारण आणखी चार वर्षांची बांधिलकी आली.

हा फरक नफ्या-तोट्यात जात नाही. तो वापरहक्काच्या मालमत्तेत जातो. नोंद एकच:

वापरहक्काची मालमत्ता खाते नावे: २०,४८,७३१
लीज देणे खाते जमा: २०,४८,७३१

मालमत्ता आता ४४,४९,४४८ रुपये झाली. ती सात वर्षांत विभागली की वर्षाचा घसारा ६,३५,६३५ रुपये. पहिल्या वर्षाचं व्याज ५०,३२,९५३ च्या ९ टक्के, म्हणजे ४,५२,९६६ रुपये. एकूण खर्च १०,८८,६०१ रुपये.

बदल झालाच नसता तर याच वर्षी घसारा ८,००,२३९ आणि व्याज २,९८,४२२ मिळून १०,९८,६६१ रुपये खर्च झाला असता. फरक फक्त १०,०६० रुपयांचा. घसारा चांगलाच कमी झाला, पण देणं मोठं झाल्याने व्याजाने ती बचत जवळपास खाऊन टाकली. पुढे देणं फिटत जातं तसं व्याज उतरतं आणि सातव्या वर्षी एकूण खर्च साधारण ७.१८ लाखांवर येतो. भाडेकपातीचा फायदा खरा आहे, फक्त तो उशिरा दिसतो.

फक्त भाडं कमी झालं असतं तर?

मुदत तीनच वर्षं ठेवून भाडं १० लाख केलं असतं, तर नवं देणं २५,३१,२९५ रुपये आलं असतं. म्हणजे देणं ४,५२,९२७ रुपयांनी घटलं. इथेच सर्वात जास्त गफलत होते. देणं माफ झालं म्हणजे उत्पन्न झालं असं समजून हे साडेचार लाख नफ्यात टाकले जातात.

मानक तसं करू देत नाही. जागा तीच आहे, मुदत तीच आहे, फक्त किंमत बदलली. म्हणून मालमत्ताही तेवढ्याच रकमेने कमी करायची. ती १९,४७,७९० रुपये होते आणि वर्षाचा घसारा ६,४९,२६३ वर येतो. पहिल्या वर्षी व्याजासह खर्च ८,७७,०८० रुपये होतो. फायदा मिळतोच, पण तीन वर्षांत थोडा थोडा.

हा गैरसमज पसरण्यामागे कोरोनाकाळातली एक सवलत आहे. त्या वेळी साथीमुळे मिळालेली भाडेमाफी 'बदल' न धरण्याची मुभा कंपन्यांना दिली गेली, आणि ती रक्कम थेट नफा-तोटा पत्रकात घेता येत होती. पण ही मुभा मूळ करारानुसार ३० जून २०२२ पर्यंत देय असलेल्या भाड्यापुरतीच होती. त्यानंतरच्या कपातीला नेहमीचा नियम लागतो.

मग नफा-तोटा लगेच कधी येतो?

भाडेकरूचा हक्कच आकसला तर. दुकानाचा अर्धा मजला परत केला किंवा मुदत ठरल्यापेक्षा आधी संपवायचं ठरवलं, तर मालमत्तेचा आणि देण्याचा त्या प्रमाणातला भाग काढून टाकतात. या दोन भागांत जो फरक राहील तो त्याच दिवशी नफा किंवा तोटा. उरलेल्या भागाचं देणं मग वर सांगितल्याप्रमाणे नव्या दराने मोजतात.

चूक झाली हे कसं ओळखायचं?

भाडं कमी झालं किंवा मुदत वाढली, एवढाच बदल असेल तर त्या दिवशी नफा-तोटा पत्रकात एक रुपयाही दिसता कामा नये. दिसला, तर नोंद चुकली.

दरातली चूक मात्र पटकन सापडत नाही. आपल्या उदाहरणात जुना १० टक्के दरच वापरला, तर देणं ४८,६८,४१९ रुपये येतं, म्हणजे १,६४,५३४ रुपयांनी कमी. तरीही तक्ता सातव्या वर्षी व्यवस्थित शून्यावर येतो, कारण जो दर वापरून मूल्य काढलं त्याच दराने व्याज लावलेलं असतं. म्हणून तक्ता जुळला यावर समाधान मानायचं नाही. बदलाच्या तारखेच्या आसपास बँकेने कंपनीला दिलेला दर वेगळा काढून पाहावा लागतो.

एकूण बेरजेची चाचणीही उपयोगी पडते. पुढच्या सात वर्षांत भाडं जाणार ७० लाख. घसारा आणि व्याज मिळून खर्च होणार ६४,१६,४९५ रुपये. मधले ५,८३,५०५ रुपये कुठे गेले? बदलाच्या आदल्या क्षणी देणं मालमत्तेपेक्षा नेमकं तेवढंच जास्त होतं, म्हणजे तेवढा खर्च पहिल्या पाच वर्षांतच नोंदून झाला आहे. हे तीन आकडे जुळले की बेरीज-वजाबाकी बरोबर आहे.

शेवटी दुकानातलं फर्निचर, छत, वायरिंग असं जागेला जोडलेलं काम पाहायचं राहून जातं. त्याचा घसारा लीज संपेपर्यंतचा धरलेला असेल आणि लीज चार वर्षांनी लांबली असेल, तर त्या कामाचं उरलेलं आयुष्यही नव्याने तपासावं लागतं.