परत आलेला शब्द आणि हरवलेला अर्थ

नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णाच्या रक्ताइतकेच त्याच्या उत्तरांनाही मोल असते. ती उत्तरे ज्या प्रश्नावलीतून मिळतात, ती बहुधा इंग्रजीतून अनुवादित झालेली असते. अनुवाद बरोबर आहे की नाही, हे मूळ भाषेपुरतेच जाणणाऱ्या संशोधकाने कसे ओळखावे? या अडचणीतून उलट-अनुवादाची कसोटी रूढ झाली. एकाने अनुवाद करावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत इंग्रजीत आणावा आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत.

या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली ती रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखाने. ग्वाम विद्यापीठातील दहा भाषांच्या ९४ द्विभाषिकांकडून त्यांनी उताऱ्यांचे अनुवाद आणि उलट-अनुवाद करून घेतले. या कसोटीचे दोषही त्यांनी सांगितले: कुशल द्विभाषिक सदोष वाक्यातूनही अर्थ काढतो, आणि अनुवादात मूळ भाषेची ठेवण जशीच्या तशी राहिली, तर उलट-अनुवाद सोपा होतो, पण एकभाषिक वाचकाला मात्र काहीच उमगत नाही.

याचे उदाहरण आपल्याच भाषेत पाहू. 'एसएफ-३६' या प्रसिद्ध अमेरिकी आरोग्य-प्रश्नावलीत एक ब्लॉक चालताना त्रास होतो का, असा प्रश्न आहे. तेथे ब्लॉक म्हणजे शहरातील दोन चौकांमधले अंतर. समजा, कोणी मराठीत 'एक ब्लॉक चालणे' असेच लिहिले. उलट-अनुवादक निःशंकपणे 'ब्लॉक' परत देईल आणि दोन्ही पाठ तंतोतंत जुळतील. पण मुंबई-पुण्याकडच्या जुन्या वाचकाला ब्लॉक म्हणजे राहण्याची सदनिका. तो घरातल्या घरात चालण्याचा विचार करून 'त्रास नाही' असे उत्तर देईल. याउलट 'सुमारे शंभर मीटर' असे लिहिले, तर उलट-अनुवादात विसंगती दिसेल, तरी अनुवाद उपयोगी ठरेल. ब्रिटिश आवृत्तीत ब्लॉकऐवजी शंभर यार्ड आले, तेही याच कारणाने. म्हणजे तेथे अनुवाद नसतानाही अंतर बदलावे लागले.

म्हणून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्पोर' संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उलट-अनुवाद ही अनेक पायऱ्यांपैकी एकच पायरी आहे. आधी दोन स्वतंत्र अनुवाद करून त्यांचा मेळ घालायचा असतो. उलट-अनुवादाच्या तपासणीनंतर पाच ते आठ जणांना प्रश्न वाचून दाखवून 'यातून तुम्हांला काय समजले?' असे विचारायचे असते. 'ब्लॉक'ची चूक सापडते ती येथेच.

आम्हां सीमाभागातल्या मराठी भाषकांना या शेवटच्या पायरीचे महत्त्व अधिक वाटते. ते पाचही जण पुण्याचेच असतील, तर बेळगावच्या वा इंदूरच्या रुग्णाला प्रश्न कसा कळेल, हे अनुत्तरितच राहते. चाचणी जेथे व्हायची, तेथलीच माणसे या वाचनाला बसवावीत. जुळलेल्या इंग्रजी पाठांनी संशोधकाचे समाधान होईल, परंतु उत्तर द्यायचे असते रुग्णाला, आणि ते त्याच्या मराठीत.