‘विशेष’च्या अलीकडचे आणि पलीकडचे : पत्राच्या पहिल्या वाक्याचा इतिहास

१) ‘आपण कुशल असाल अशी आशा करते’ हे वाक्य आज मराठी ईमेलच्या आरंभी सर्रास दिसते. ते इंग्रजीतून आले, असा सर्वसाधारण समज आहे. शब्द तिकडचे असतील. पण कुशल विचारून मग कामाकडे वळण्याची रीत आपल्याकडे इंग्रज येण्यापूर्वीपासून होती. आणि त्या रीतीत एक सोय होती, जी आपण हरवून बसलो. आजचा धागा त्या सोयीविषयी.

२) अठराव्या शतकातील कोणतेही मराठी पत्र घ्या. शिरोभागी ‘श्री’. मग मायना : ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ अमुक ‘गोसावी यांसी’. मग पाठवणाऱ्याचे नाव आणि नात्याप्रमाणे नमस्कार, आशीर्वाद, दंडवत किंवा रामराम. त्यानंतर ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असावे’. आणि मग एकटाच एक शब्द : ‘विशेष’.

३) हा ‘विशेष’ म्हणजे दाराचा उंबरठा. त्याच्या अलीकडे शिष्टाचार, पलीकडे मजकूर. दरबारात रोज पत्रांचे गठ्ठे वाचणाऱ्या कारकुनाला मायन्यातून माणसाचा दर्जा कळे. नंतर नजर थेट ‘विशेष’वर जाई. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे जवळजवळ नसतात. अशा सलग ओळींत काम कुठे सुरू होते हे सांगणारी खूण म्हणजे हा शब्द. मोडी शिकताना आम्हीही आधी तोच शोधतो. तो सापडला की पत्र अर्धे उलगडते.

४) शिवाय ते कुशल नेहमीच पोकळ नसे. वरिष्ठास लिहिताना बहुधा असे येई : तागाईत अमुक तारखेपावेतो, मुक्काम अमुक, स्वामींच्या कृपेकरून सेवकाचे वर्तमान यथास्थित असे. म्हणजे पत्र निघाले तेव्हा लेखक कुठे होता आणि कोणत्या दिवसापर्यंत सर्व ठीक होते, हे त्यात नोंदलेले असे. पत्र पोचायला आठवडे लागत, वाटेत जासूद मारला जाई, त्या काळात ही बातमीच होती. रोमन लोकही पत्रारंभी ‘तू बरा असशील तर ठीक, मी बरा आहे’ अशा अर्थाचे वाक्य घालीत. ते इतके ठरीव झाले की त्याची नुसती आद्याक्षरे लिहू लागले.

५) आता याच परंपरेतील दुसरी शाखा पाहा. जानेवारी १६७५, सुहूर सन खमस सबैन व अलफ. शिवाजी महाराजांचे प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस पत्र. मायना आहे, दंडवत आहे, सन आहे. पण कुशल नाही. सनानंतरच्या पहिल्याच वाक्यात सगळे प्रकरण येते : आरमाराचे दौलतखान आणि दर्यासारंग यांना द्यायचा पैसा व धान्य, त्यासाठी मोरोपंत पेशव्यांनी तुमच्या सुभ्यावर काढलेल्या वराता, आणि तुम्ही त्यातले काहीच पोचवले नाही हे आम्हांस कळले.

६) कोणी, कोणाला, काय, कशाच्या आधारे, आणि काय चुकले, हे सर्व एका वाक्यात. पुढे पद्मदुर्ग आणि सिद्दी यांचा संदर्भ येतो, कडक शब्द येतात, परंतु ते नंतर. सुभेदाराने पत्र पहिल्या वाक्यानंतर खाली ठेवले असते, तरी आपण कशाचे उत्तर द्यायचे आहे हे त्याला कळले असते. आणि मायना गाळलेला नाही, ही गोष्टही लक्षात घ्यावी. दर्जा राखला; वळसा तेवढा गाळला.

७) तिसरे उदाहरण आमच्या हर्सूलच्या वाटेवरचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासात सांगतो की नर्मदेजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला सावकारांचा एक कासीद भेटला. त्याला पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचायचे होते. पत्र फोडले. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपे-तांब्याची गणती नाही, अशा अर्थाचा मजकूर निघाला. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब.

८) मूळ पत्राचा मायना ग्रँट डफ देत नाही, तो बातमीचे वाक्य तेवढे देतो. पण त्या वाक्याची बांधणी पाहा : आधी सर्वांत मोठी हानी, मग तिच्याखालची, शेवटी मोजता न येणारी. सावकारी वहीची शिस्त. (तो कासीद पुढे निघाला असेल तर अजिंठ्याचा घाट चढून, फुलंब्रीवरून, बहुधा हर्सूलवरूनच दिल्ली दरवाज्याकडे आला असता. बसने विद्यापीठात जाताना हे हमखास मनात येते.)

९) मग ‘विशेष’चे झाले काय? तो संक्षेपात गेला. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. शाळेत आपण सर्वांनी हे लिहिले. अख्खा मायना आणि कुशल चार अक्षरांत दुमडले गेले. पण शेवटच्या ‘वि.’चा अर्थ ‘आता काम ऐका’ असा आहे, हे कोणी सांगितले नाही. त्यामुळे त्याच्यापुढे आपण पुन्हा कुशल विचारतो. उंबरठा ओलांडून आत गेलेला माणूस पुन्हा बाहेर येऊन दार ठोठावतो, तसे हे.

१०) ‘पत्रास कारण की’ याचीही तीच गत. हेतू सांगण्यासाठीच जन्मलेले हे शब्द. त्यांच्यामागे कारण यायचे सोडून ख्यालीखुशाली येऊ लागली. सरकारी पत्रातील ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे त्याचेच नातवंड. हेतुदर्शक शब्द हेतूवाचून वापरला की वर्ष-दोन वर्षांत तोही मायना होतो.

११) हे मी अनुभवाने सांगते. गेल्या वर्षी एका दप्तरखान्यास मी ईमेल केला. कुशल, स्वपरिचय, प्रबंधाचा विषय, त्या संस्थेचा गौरव, आणि सातव्या वाक्यात विनंती. उत्तर आले ते एका ओळीचे : आपल्याला नेमके काय हवे आहे? तोवर मी योजलेला आठवडा निघून गेला होता. दुसऱ्यांदा लिहिले ते असे :

‘आदरणीय महोदय, स. न. वि. वि. दि. १२ ते १४ या तीन दिवसांत खालील दोन मोडी रुमाल वाचनकक्षात पाहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’

रुमालांचे क्रमांक त्याखाली, ओळख त्याखाली, मार्गदर्शकांचे पत्र सोबत. परवानगी दुसऱ्या दिवशी आली.

१२) पहिल्या वाक्याची परीक्षा सोपी आहे : उरलेले पत्र बोटाने झाका. वाचणाऱ्याने काय करायचे, कशाबाबत आणि कधीपर्यंत, हे तेवढ्यावर कळले पाहिजे. ‘एका कामासंदर्भात लिहीत आहे’ हे वाक्य कामाचे दिसते, पण या परीक्षेत नापास होते. त्यात कामाचे नावच नाही.

१३) मर्यादाही सांगते. सांत्वनाच्या पत्रात कुशल हाच मजकूर असतो. आजारातून उठलेल्या गुरुजींना लिहिताना प्रकृतीची चौकशी आधी येईल, आणि ती खरी असेल तर त्यांच्या आजाराचे नाव घेऊनच येईल. अठराव्या शतकातला कारकूनही तागाईतची तारीख कोरी सोडत नसे.

१४) पुढचा धागा मायन्यातील चुकीवरून झालेल्या रुसव्यांवर. कोणाकडे घरी जुनी मोडी पत्रे असतील तर ‘विशेष’चे छायाचित्र खाली टाका, एकत्र वाचू.